रॉड लाल नसेल तर ते ग्रिल नव्हे

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो, घरी २८ लिटरचा ओटीजी आहे. व्हाइट सॉसमधला पास्ता आणि वर चीज, असं ग्रॅटिन दोनदा करून पाहिलं. ८ सेंटिमीटर खोल काचेचा बाउल, १८० डिग्री, खाली-वर दोन्ही रॉड, ४५ मिनिटं. वरचं चीज पांढरटच राहिलं, कडेला तेल सुटलं, मधला पास्ता कोमट आणि कडेचा कोरडा. शेवटी फक्त वरचा रॉड लावून १० मिनिटं ठेवलं, तरी रंग नाही. तापमान वाढवू, भांडं बदलू की चीज? रविवारी ८ माणसं जेवायला आहेत.

उत्तर :

आधी भांडं बदला, मग शेवटच्या पाच मिनिटांत नॉब कुठे ठेवायचा ते बदला. चीजचा नंबर त्यानंतर. नौपाड्यात मी १५ वर्षं घरगुती ऑर्डरी करते आणि बेक्ड पास्त्याच्या तक्रारी ऐकते. लोक दहातल्या आठ वेळा चीजला दोष देतात. त्या बिचाऱ्याचा फारसा दोष नसतो.

ग्रॅटिन हा शब्द फ्रेंचमधल्या खरवडण्याच्या क्रियापदावरून आला. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याची खरवड खायला पोरं भांडतात, साधारण तोच मोह. म्हणजे या पदार्थात वरचा खरपूस थर हीच मुख्य वस्तू आहे आणि खालचा पास्ता त्याला सोबत. पण दोघांच्या गरजा उलट्या आहेत. पास्त्याला मध्यापर्यंत गरम व्हायचंय आणि ओलं राहायचंय, तर वरच्या थराला आधी कोरडं व्हायचंय आणि मग करपण्याच्या अलीकडे थांबायचंय. एकाच तापमानावर एकाच वेळी दोन्ही साधायला गेलं की तुमच्यासारखं होतं. म्हणून कामाचे दोन भाग करायचे, आधी बेक आणि मग ग्रिल.

तुमच्या बाउलमध्ये काय घडलं ते पाहू. उष्णता कडेकडून मध्याकडे सरकत जाते आणि थर दुप्पट जाड झाला की मध्य गरम व्हायला वेळ दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट लागतो. शिऱ्यासारखं ढवळता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण इथे सगळं जागच्या जागी बसलेलं असतं. ८ सेंटिमीटर खोल बाउल काठापर्यंत भरला की ४५ मिनिटांत कडा उकळून आटून जातात आणि मध्य कोमट राहतो. त्यात काच धातूपेक्षा सावकाश तापते. इकडे चीज मात्र पहिल्या १० मिनिटांतच वितळलेलं असतं. पुढची ३५ मिनिटं ते मंद आचेवर नुसतं बसून राहतं, त्यातली प्रथिनं आखडत जातात आणि पिळल्यासारखं तेल बाहेर येतं. कडेला दिसलं ते तेल हेच.

रंग का आला नाही, याचं कारण खालची वाफ. सॉसमधलं पाणी वर येत राहतं तोवर चीजचा पृष्ठभाग १०० डिग्रीच्या आसपासच अडकतो. खरपूस रंग म्हणजे दुधाच्या प्रथिनांची आणि त्यात उरलेल्या थोड्याशा साखरेची क्रिया, आणि ती जोर धरते १४० डिग्रीच्या पुढे. म्हणजे पृष्ठभाग आधी सुकला पाहिजे, मग तापला पाहिजे. १८० डिग्रीची हवा हे काम करते, पण फार सावकाश. तोवर खाली सॉसचं खरवस झालेलं असतं.

तर भांडं. २० बाय २० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर उंच कडेचा चौकोनी केकचा टिन घ्या. जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानांत मिळतो. भरायचं साडेतीन सेंटिमीटरपर्यंत, फार तर चार. वरचा एक सेंटिमीटर रिकामा राहिला की सॉस उकळून खालच्या रॉडवर सांडत नाही. याहून जास्त रिकामी कडा मात्र नको, नाहीतर उंच भिंतीमुळे कडेच्या चीजवर सावली पडते आणि चारी बाजूंनी फिकट पट्टा राहतो. सिरॅमिकची किंवा एनॅमलची डिश असेल तर दिसायलाही छान. टोमॅटोचा सॉस असेल तर ॲल्युमिनियम टाळा, व्हाइट सॉसला चालतं.

काचेबद्दल माझीच गोष्ट सांगते. ८-९ वर्षांपूर्वी एका बारशाच्या ऑर्डरला मी काचेची डिश ग्रिलखालून काढली आणि घाईत ओल्या ओट्यावर टेकवली. टक् असा एकच आवाज, आणि १२ माणसांचा पास्ता काचांसकट ओट्यावर. चूक माझी होती. ओव्हनमध्ये चालणारी काचसुद्धा लालभडक रॉडखाली नेऊ नये, गरम काच ओल्या किंवा थंड जागी ठेवू नये. बेकपुरती वापरली तर चालते, ग्रिलसाठी काच नकोच.

आता २० बाय २०च्या टिनचं माप, चौघांसाठी. २०० ग्रॅम पेने, शक्यतो ड्युरम गव्हाचा, कारण मैद्याचा पास्ता दुसऱ्यांदा शिजताना लगदा होतो. ४५ ग्रॅम बटर, ४५ ग्रॅम मैदा, ७०० मिली दूध, आणि अर्धवट शिजवून निथळलेल्या २०० ग्रॅम भाज्या. मशरूम घालणार असाल तर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, तेच पाणी पुढे वाफ होऊन तुमच्या चीजला भिजवतं. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर पास्ता ८व्या मिनिटाला काढा. चावला की मध्ये बारीकसा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. गार पाण्याखाली धुऊ नका.

बटरमध्ये मैदा मंद आचेवर दोनेक मिनिटं परतायचा, कच्चा वास जाईपर्यंत, रंग येऊ द्यायचा नाही. दूध थोडं थोडं घालत फेटायचं, एक उकळी आणायची आणि मग तीन-चार मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. जायफळ किसून. गॅस बंद केल्यावर प्रोसेस्ड चीजच्या दोन क्यूब किसून घाला आणि मीठ त्यानंतरच चाखून, कारण त्या क्यूब चांगल्या खारट असतात. सॉस किती पातळ हवा, इथे सगळे चुकतात. कढईत जो सॉस अगदी योग्य वाटतो तो ओव्हनमधून लापशी होऊन बाहेर येतो. अर्धवट शिजलेला पास्ता ओव्हनमध्ये पाणी पितच राहतो. म्हणून सॉस कढीपेक्षा जरासा दाट आणि इडलीच्या पिठापेक्षा नक्की पातळ ठेवा. पास्ता मिसळून टिनमध्ये ओतलात की तो आपोआप पसरून सपाट झाला पाहिजे. चमच्याने थापावा लागला तर अर्धी वाटी गरम दूध घाला.

आणि ओता गरमच. सॉस गरम, पास्ता गरम, टिन लगेच ओव्हनमध्ये. असं केलं की ओव्हनला मध्य तापवायचं काम जवळपास उरत नाही, त्याने कडा उकळवायच्या आणि वरचा थर सुकवायचा एवढंच. तुम्ही दुपारी करून फ्रिजमध्ये ठेवला होता का, ते लिहिलं नाहीये. ठेवला असेल तर कोमट मध्याचं अर्धं कोडं तिथेच सुटलं. फ्रिजमधला टिन लावायचा असेल तर चीज न घालता, फॉइलने झाकून १८० डिग्रीला २५-३० मिनिटं द्या, आणि फॉइल काढल्यावर चीज पसरा.

वरच्या थराला या टिनसाठी १०० ग्रॅम चीज पुष्कळ झालं. ७० ग्रॅम पिझ्झासाठी मिळतं ते मोझरेला आणि ३० ग्रॅम चेडर, दोन्ही घरी किसलेलं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला, चिकटू नये म्हणून, बहुधा स्टार्चसारखी भुकटी लावलेली असते, ते वितळायला कुरकुरतं. पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला इथे नको, ते स्वतःच पाणी सोडतं. नुसत्या क्यूब किसून घातल्या तर त्या नीट पसरत नाहीत, वर साय धरल्यासारखी कातडी येते आणि मधूनमधून डाग पडतात. क्यूब सॉसमध्ये, मोझरेला वर, हा माझा नेम. चीजचा थर जाड करण्याचा मोह आवरा. जाड थर म्हणजे वर करपलेलं आणि खाली रबर. खालचा पास्ता जागोजागी डोकावला पाहिजे, पेनेची ती टोकं कुरकुरीत होतात आणि माझ्या घरी त्यावरूनच भांडणं होतात.

आता बेक. दोन्ही रॉड, २०० डिग्री, टिन मधल्या जाळीवर, १८ ते २० मिनिटं. त्याआधी ओव्हन १५ मिनिटं तापवा. ओटीजीचा दिवा सात-आठ मिनिटांत विझतो, पण त्याचा अर्थ हवा तापली एवढाच, पत्रा अजून तापलेला नसतो. दार उघडलं की ती हवा जाते आणि मागे ऊब धरणारं काही उरत नाही. नॉबवरच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको, ओव्हनच्या आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. माझ्या आधीच्या ओटीजीत नॉब २०० वर असताना आत १७५ असायचं, आणि मी दोन वर्षं रेसिपी लिहिणाऱ्यांना नावं ठेवत होते.

बेक झालं हे कसं ओळखायचं? चारी कडांना सॉसचे बुडबुडे सावकाश फुटताना दिसतात आणि चीज पूर्ण वितळून पिवळसर, तकतकीत झालेलं असतं. रंग नसतो, आणि या टप्प्याला तो नसलाच पाहिजे. सुरीचं टोक मध्यात खुपसून १० सेकंद ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवा. चटका बसला की मध्य तयार. नुसतं ऊन लागलं तर अजून पाच मिनिटं.

आता तुमच्या त्या फुकट गेलेल्या १० मिनिटांकडे येते. तुम्ही वरचा रॉड लावलात, पण तापमानाचा नॉब १८० वरच ठेवलात ना? बहुतेक ओटीजीत रॉड कोणते लागणार हे एक नॉब ठरवतो, पण ते पेटणार की नाही हे थर्मोस्टॅट ठरवतो. ४५ मिनिटांनी आतली हवा १८० ला पोचलेलीच होती, त्यामुळे थर्मोस्टॅटच्या दृष्टीने काम झालेलं होतं. त्याने रॉड बंद केला, मधूनच मिनिटभर पेटवला, पुन्हा बंद. तुम्हाला वाटलं ग्रिल चालू आहे, आणि रॉड काळा ठिक्कर. ग्रिलमध्ये हवा काम करत नाही. निखाऱ्यावर पापड भाजताना जी धग अंगावर येते, तीच धग इथे हवी, आणि ती लालभडक रॉडच देतो.

म्हणून बेक झाल्यावर टिन बाहेर काढा. दार लावा, नॉब फक्त वरच्या रॉडवर, तापमान शेवटच्या आकड्याला, म्हणजे २३० किंवा २५० जे असेल ते. चार-पाच मिनिटं थांबा. काचेतून रॉड केशरी-लाल दिसला की टिन वरच्या जाळीवर सरकवा. चीज आणि रॉड यांच्यात ७-८ सेंटिमीटर अंतर हवं, माझी चार बोटं आडवी धरली की साधारण तेवढं होतं. अर्थात हे ओव्हन गार असताना मोजून ठेवायचं. चार सेंटिमीटरवर ठेवलंत तर चीजवर रॉडच्या काळ्या रेघा उठतात आणि मधली जागा गोरीच राहते. तशा रेघा दिसायला लागल्या तर जाळी एक खाच खाली घ्या आणि टिन अर्धा फिरवा. दार बंद ठेवायचं की किंचित उघडं, ते तुमच्या ओटीजीच्या माहितीपत्रकात पाहा. काहींचे नॉब दारातून येणाऱ्या वाफेने तापतात.

मग तिथून हलायचं नाही. फोन आला तरी नाही. पहिली दोन मिनिटं चीज नुसतं खदखदतं आणि चरचर असा ओलसर आवाज येतो. तिसऱ्या मिनिटाला तो आवाज बारीक होतो, कारण वरचं पाणी संपत आलेलं असतं. मग फुगलेल्या बुडबुड्यांच्या टोकांवर पहिले बदामी ठिपके येतात. इथून पुढे घड्याळ पाहू नका, चीज पाहा. फिकट पृष्ठभागापेक्षा गडद पृष्ठभाग धग जास्त शोषतो, म्हणून जिथे ठिपका पडला तिथे तो पळतच सुटतो. बदामी ते तपकिरी व्हायला मिनिट लागतं, तपकिरी ते काळं व्हायला २०-३० सेकंद. अर्ध्याअधिक भागावर बिबट्यासारखे ठिपके आले की काढा. एकसारखा तपकिरी करायला गेलात तर कडू लागेल.

पाच मिनिटांनीही रॉड लाल होत नसेल तर प्लग पाहा. १५०० वॉटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो, त्याला गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा जाड सॉकेट लागतो. एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. शिवाय मे महिन्यात संध्याकाळी बिल्डिंगमधले सगळे एसी लागले की व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी २०० आलं तर रॉडची ताकद जवळपास तीन-चतुर्थांशावर येते. हवा उशिरा का होईना तापते, पण रॉड मळकट तांबडाच राहतो. अशा दिवशी ग्रिलला दीडपट वेळ धरा आणि जाळी एक खाच वर घ्या.

कोणाकडे ओटीजीऐवजी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्यातला पंखा पृष्ठभाग लवकर सुकवतो, बेक १८० लाच करा. धातूचा टिन कोणत्या मोडला चालतो ते मात्र माहितीपत्रकात बघूनच. मायक्रोवेव्ह आणि ग्रिल एकत्र चालणाऱ्या मोडला धातू नको.

ग्रिलमधून काढल्यावर ८-१० मिनिटं टिन लाकडी पाटावर तसाच राहू द्या. लगेच चमचा घातलात तर सॉस वाहून जातो आणि वरची खपली एका बाजूला घसरते. थांबलात तर सॉस धरतो आणि तुकडे सुटे निघतात.

राहता राहिला रविवार. ८ जणांसाठी मोठा खोल बाउल काढू नका, असेच दोन टिन करा. २८ लिटरमध्ये ते शेजारी-शेजारी मावत नाहीत, आणि एकावर एक ठेवलेत तर वरचा खालच्याला झाकतो. तेव्हा जेवण साडेआठला धरून असं करा. पावणेसातला पास्ता आणि सॉस घ्या, सातला ओव्हन तापत ठेवा. सव्वासातला दोन्ही टिन गरमागरम भरा. पहिल्याला चीज नको, नुसतं फॉइल लावून २० मिनिटं बेक करा आणि बाहेर काढून झाकूनच ठेवा. दुसरा तोवर ओट्यावर फॉइलखाली थांबेल. त्याचा सॉस थोडा दाटेल, म्हणून त्यात आधीच अर्धी वाटी दूध जास्त घाला. पावणेआठच्या सुमाराला त्यावर चीज पसरून तो २२-२५ मिनिटं बेक करा, मग रॉड लाल करून ग्रिल. सव्वाआठ-आठ वीसला बाहेर, साडेआठला ताटात. तो निघाल्या निघाल्या पहिल्या टिनवर चीज पसरा, दोन्ही रॉड २०० वर करून १०-१२ मिनिटं आत ठेवा आणि मग पुन्हा वरचा रॉड लाल करून ग्रिल. पाहुण्यांचं पहिलं वाढप संपत येतं त्याच सुमाराला हा टिनही चरचरत टेबलावर येईल.